"गिफ्ट डीड केव्हाही रद्द होतं" म्हणे!

"आईवडिलांनी मुलाच्या नावे केलेलं गिफ्ट डीड आता केव्हाही रद्द करता येतं. 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं तसा निकालच दिलाय. मुलगा बघत नसेल तर सरळ सब-रजिस्ट्रारकडे जा, कॅन्सलेशन डीड करा, घर परत तुमच्या नावावर. डीड किती जुनं आहे ते कोणी विचारत नाही. मुलानं मधे कुणाला विकलं असेल तर ती विक्रीही आपोआप रद्द. सर्व ज्येष्ठांना पाठवा."

सध्या फिरणाऱ्या या मेसेजमधला निकाल खरा आहे, त्याचा अर्थ मात्र ओढूनताणून लावलाय. 2 जानेवारी 2025 रोजी उर्मिला दीक्षित यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं मध्य प्रदेशातल्या एका आईचं गिफ्ट डीड रद्द ठरवलं आणि ताबा तिला परत द्यायला सांगितलं. पण त्या आईच्या हातात काय होतं, ते पुढे पाठवणाऱ्यांनी वाचलेलं दिसत नाही. 2019 च्या त्या डीडमध्ये मुलगा आईला सांभाळतो असा उल्लेख होता. शिवाय त्याच दिवशीचं एक वचनपत्रही होतं, त्यात मरेपर्यंत सांभाळीन, नाही सांभाळलं तर आईनं डीड मागे घ्यावं, असं लिहिलेलं होतं. ते वचनपत्र बनावट असल्याचं मुलगा म्हणत राहिला. कोर्टानं दोन्ही कागद एकत्र वाचले आणि ज्येष्ठांच्या बाजूनं उदार अर्थ लावला. ज्या डीडला कसली अटच नाही, तेही रद्द होईल असं कोर्ट कुठेच म्हणालेलं नाही.

सगळा खेळ 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 वर आहे. मूलभूत सोयी आणि शारीरिक गरजा भागवण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्यानं ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतर फसवणुकीनं किंवा दबावाखाली झालं असं मानलं जातं आणि देणाऱ्याच्या इच्छेनुसार न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकतं. डिसेंबर 2022 मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात सुप्रीम कोर्टानं बजावलं की ही अट होती हे अर्जात मांडावं लागतं आणि सिद्ध करावं लागतं. तिथे आईनं रिलीज डीड म्हणजे हक्कसोडपत्र केलं होतं, पण अटीचा पत्ताच नव्हता, म्हणून ती हरली. मद्रास उच्च न्यायालयानं 2025 मध्ये "प्रेम आणि मायेपोटी" या शब्दांतच सांभाळण्याची अट गृहीत धरली, हे खरं. पण तो निकाल गोव्यातल्या न्यायाधिकरणाला बांधील नाही. त्याच्या भरवशावर राहू नका.

एक उदाहरण घेऊ. डिचोलीजवळच्या गावात सत्तरी ओलांडलेली विधवा आहे. नवऱ्यामागे इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातली वारसांची वाटणी, होऊन घर आणि त्याला लागून असलेलं कुळागर तिच्या वाट्याला आलं. (इन्व्हेंटरी झाली नसती तर पहिला प्रश्न तोच पडला असता, कारण आपल्या गोव्यातल्या नवरा-बायकोच्या सामायिक मालकीच्या पद्धतीत अर्धा हिस्सा नवऱ्याचा, आणि तो सगळ्या वारसांचा. जे तिचं नव्हतं ते तिला देताही आलं नसतं.) 2019 मध्ये तिनं सगळं धाकट्याच्या नावे केलं. डीडमध्ये लिहिलं, "प्रेमापोटी आणि सेवेबद्दल". दोन वर्षांत स्वयंपाकघराला कुलूप लागलं. औषधांची बिलं मुलगी भरते आणि म्हातारी मागच्या खोलीत एकटी राहते.

"सेवेबद्दल" हा शब्द झालेल्या सेवेचा आहे, पुढच्या सेवेची अट त्यात येत नाही. अशा वेळी दुसरा कागद शोधायचा: त्याच काळातलं मुलाचं हमीपत्र, पंचायतीत दिलेलं लेखी निवेदन किंवा "आईला मी बघेन, म्हणून घर माझ्या नावे" असा मेसेज. काही सापडलं तर अर्ज उपजिल्हाधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणासमोर. तारीखवार लिहायचं: अट कोणती, ती केव्हापासून मोडली, कशी मोडली. सोबत औषधांची बिलं, पोलिसात दिलेल्या तक्रारीची प्रत, शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. मुलगा सामायिक मालकीच्या पद्धतीत लग्न झालेला असेल तर सुनेलाही प्रतिवादी करायचं. नाहीतर उद्या ती उभी राहून म्हणेल, माझं कोणी ऐकलंच नाही. आदेश विरुद्ध गेला तर 60 दिवसांत अपील.

अर्ज म्हातारीच्याच नावानं. ती स्वतः जाऊ शकत नसेल तर तिनं अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था जाऊ शकते. पण थोरल्यानं आपला वाटा वसूल करायला आईचं नाव वापरायचं, त्यासाठी हे कलम नाही. डीड रद्द करायचं की नाही, हे ठरवण्याचा हक्क देणाऱ्याचा आहे.

सब-रजिस्ट्रारच्या खिडकीपाशी जाऊन एकतर्फी कॅन्सलेशन डीड केलं तर मालकी परत येत नाही. डीड स्वीकारून मुलगा मालक झाला आहे आणि त्याच्या सहीशिवाय ते मोडायला न्यायाधिकरण किंवा दिवाणी कोर्टच लागतं. न्यायाधिकरणाचा आदेश हातात आला की मग त्याची प्रत घेऊन म्युटेशन करून एक-चौदावर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, नाव बदलून घ्यायचं. क्रम हा आहे, उलटा नाही.

जुन्या डीडचं थोडक्यात सांगतो. कलम 23 कायदा लागू झाल्यानंतरच्या हस्तांतरालाच लागतं. 1998 चं डीड त्यात बसत नाही. तिथे फसवणूक किंवा दबाव सिद्ध करून दिवाणी दावाच घालावा लागतो, आणि त्याची मुदत साधारण तीन वर्षांची, हकीकत कळल्यापासून.

अट नसलेलं डीड म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. पोटगीचा अर्ज याच न्यायाधिकरणात स्वतंत्रपणे करता येतो, केंद्रीय कायद्यातली कमाल रक्कम महिन्याला 10,000 रुपये. म्हातारी त्याच घरात राहत असेल तर तिला तिथून हाकलू नये, असंही मागता येतं.

विक्रीचा मुद्दा मेसेजमधला सगळ्यात घातक. पैसे मोजून, अटीची माहिती नसताना घेणाऱ्या माणसाला कायदा संरक्षण देतो. म्हणून अट कुठे लिहिली याला महत्त्व आहे. वेगळ्या स्टँप पेपरवर लिहून कपाटात ठेवलेली अट मुलाविरुद्ध पुरावा म्हणून चालेल, पण विकत घेणाऱ्याला ती ठाऊक नव्हती असं तो म्हणेल. नोंदणीकृत डीडमध्येच अट असेल तर सर्च करताना ती त्याच्या वकिलाच्या डोळ्यासमोर येते, आणि मग त्याला कानावर हात ठेवता येत नाहीत.

आज डीड करायला बसलेल्यांनी मसुद्यात ही दोन वाक्यं घालून घ्यावीत: "घेणाऱ्याने देणाऱ्याला हयातभर याच घरात निवास, अन्न, औषधोपचार आणि देखभाल पुरवावी या अटीवर हे दान आहे. तसे न केल्यास देणाऱ्यास ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 अन्वये ते रद्द करून घेता येईल." "मला वाटेल तेव्हा रद्द करीन" असं मात्र लिहू नका. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 126 नुसार देणाऱ्याच्या निव्वळ मर्जीवर रद्द होणारं दान मुळातच निरर्थक ठरतं. डीडमध्ये राहण्याचा आणि उत्पन्नाचा हक्क हयातभर स्वतःकडे राखून ठेवा. तो हक्क असेल तर कुळागरातल्या सुपाऱ्यांचे पैसे मागायला मुलाकडे हात पसरावा लागत नाही.