‘महोदय’ सगळ्यांना चालते का?

“कोणाला लिहितो आहोत हे माहीत नसेल तर सरळ ‘महोदय’ लिहावे, ते सगळ्यांना चालते. फारच शंका असेल तर ‘महोदय/महोदया’ लिहावे. मायनाच नसेल तर पत्र उद्धट दिसते.”

या सल्ल्यातील पहिले विधान व्याकरणाच्या पहिल्याच पायरीवर अडते. ‘महोदया’ हे स्त्रीलिंगी रूप रोजच्या वापरात असल्याने ‘महोदय’ हे उभयलिंगी राहत नाही. पत्र उघडणारी व्यक्ती स्त्री असेल, तर पत्र लिहिताना तिची शक्यताच गृहीत धरलेली नव्हती, असे तिला वाटू शकते.

तिरक्या रेघेचा पर्याय त्याहून बरा आहे आणि छापील अर्जात तो खपूनही जातो. परंतु स्वतः लिहिलेल्या पत्रात तो ‘लागू नसेल ते खोडावे’ या सूचनेसारखा वाचला जातो, शिवाय दोन्हींपैकी एकही संबोधन ज्यांना लागू पडत नाही त्यांच्यासाठी तेथे जागाच उरत नाही.

तिसऱ्या विधानात मायना आणि आदर यांची गल्लत झाली आहे. व्यक्ती अज्ञात असली तरी काम अज्ञात नसते. म्हणून संबोधन व्यक्तीऐवजी ते काम करणाऱ्या विभागाकडे वळवावे आणि आदर लिंगनिरपेक्ष अभिवादनातून व्यक्त करावा. प्रमाणपत्रावरील जन्मतारीख दुरुस्त करून हवी आहे, असे समजू. पत्राचा आरंभ असा होईल :

प्रति,
प्रमाणपत्र विभाग,
(संस्थेचे नाव व पत्ता)

विषय : प्रमाणपत्रावरील जन्मतारखेच्या दुरुस्तीबाबत.

सविनय नमस्कार.

विभागाचे नाव ठाऊक नसल्यास ‘संबंधित विभाग’ लिहून विषयाची ओळ अधिक नेमकी करावी, कारण आवक टपाल वाटणारी व्यक्ती त्या ओळीवरूनच पत्र कोणाच्या टेबलावर पाठवायचे ते ठरवण्याची शक्यता अधिक असते. अंदाजाने ‘व्यवस्थापक’ वगैरे हुद्दा मात्र लिहू नये. तो चुकला तर पत्र भलत्याच टेबलावर पडून राहू शकते. जुन्या वळणाचे ‘स. न. वि. वि.’ हेही लिंगनिरपेक्ष आहे, फक्त त्यातील ‘सप्रेम’ अनोळखी कार्यालयाला थोडे जवळिकीचे वाटेल.

मायना साधला तरी मजकुरात चूक होऊ शकते. ‘आपले अधिकारी म्हणाले’ असे लिहिताच त्या अज्ञात व्यक्तीचे लिंग ठरून जाते; त्याऐवजी ‘आपल्या कार्यालयातून सांगण्यात आले’ असे लिहावे. ‘आपण कळवावे’, ‘आपण पाठवाल’ ही रूपे निर्धोक आहेत. शेवटच्या ‘आपला विश्वासू’ किंवा ‘आपली विश्वासू’ची चिंता नको, कारण तेथे लिंग लिहिणाऱ्याचे असते.

उत्तर आले आणि त्याखाली नाव असले, तरी नावावरून लिंगाचा अंदाज बांधू नये. पुढच्या पत्रात ‘श्री.’ किंवा ‘श्रीमती’ न लावता पूर्ण नावानंतर ‘यांना’ लिहिणे पुरेसे आहे.