दादांना यवतेश्वर घाटात कसं पळवावं

हिल मॅरेथॉन जवळ आली की साताऱ्यात पळणाऱ्यांची संख्या वाढते. रस्त्यावर थोडी, फ्लेक्सवर जास्त. तुम्ही डिझाइनच्या धंद्यात नवीन असाल तर पहिली ऑर्डर हीच येणार, म्हणून अनुभवी माणसाचे चार शब्द ऐकून ठेवा. पोवई नाक्यावर लावायचा १० बाय २० चा फ्लेक्स आहे. दादा यवतेश्वर घाट पळत चढतायत, खाली धुक्यात शहर, पलीकडे अजिंक्यतारा. दादा आयुष्यात एसटी पकडायलाही पळालेले नाहीत, पण तो आपला प्रश्न नाही.

तुमच्या हातात दोन फोटो पडतील. एक घाटाचा, कुणीतरी पहाटे रस्त्याच्या कडेला उभं राहून मोबाईलवर काढलेला. दुसरा दादांचा, पुतण्याच्या लग्नातला, हात जोडलेला. आता पहिला नियम: घाटाच्या फोटोची माहिती उघडून बघू नका. व्हॉट्सॲपवर नुसता फोटो म्हणून आला असेल तर काळजीच नाही, ती माहिती वाटेतच गळून जाते. पण कुणी शहाण्यानं डॉक्युमेंट म्हणून पाठवला, तर आत शटरचा वेग जसाच्या तसा लिहिलेला असतो. माझ्या त्या फोटोत १/६० होता. मी बघितला, तिथंच चुकलं. एकदा बघितलं की गणित सुचतं.

गणित असं, आणि ते तुम्ही करायचं नाही. दादा पाच फूट सात इंच, म्हणजे १७० सेंटीमीटर. फ्लेक्सच्या फाईलमध्ये ते १७०० पिक्सेल उंच बसवले, म्हणजे एक पिक्सेल एक मिलिमीटर. पळण्याचा वेग आपण उदार मनानं सेकंदाला ३ मीटर धरू, ताशी साधारण ११ किलोमीटर. घाट चढताना एवढा वेग दादांना देणं ही निवडणूक निधीत जमा करायची रक्कम आहे, पण असो. शटर १/६० सेकंद उघडं राहिलं, तेवढ्या वेळात दादा ५ सेंटीमीटर पुढे सरकले. म्हणजे घाटाचा दगड न् दगड स्पष्ट आणि दादांचं धड ५० पिक्सेल पुसट, असा तो फोटो निघाला असता. तोच फोटो भर उन्हात १/१००० वर काढला असता तर सरक फक्त ३ पिक्सेल, कुणाला दिसलीही नसती. पण पहाटेच्या धुक्यात मोबाईलला १/१००० परवडत नाही. धुकं दाखवायचं आणि दादा मात्र दुपारच्या उन्हातल्यासारखे खणखणीत, हे कॅमेऱ्याला जमत नाही. आपल्याला जमतं.

आता ५० पिक्सेल हा आकडा कळलाच आहे, तर तो सगळ्या अंगाला सारखा फासा. Filter > Blur > Motion Blur, अँगल शून्य, डिस्टन्स ५०, ओके. चेहऱ्यापासून बुटापर्यंत एकच भुरकट. इथं कुणी पोरगं म्हणेल की टेकलेला पाय पुसट कसा? त्याला गप्प बसवा. खरं म्हणजे पोरगं बरोबर आहे. चालत्या सायकलचं चाक आठवा: रस्त्याला टेकलेला टायरचा भाग त्या क्षणी थांबलेला असतो, आणि वरचा भाग सायकलच्या दुप्पट वेगानं पुढे जातो. पळणाऱ्याच्या पायांचं तसंच. टेकलेला पाय रस्त्याच्या हिशेबात थांबलेला, म्हणून बुटाची लेससुद्धा मोजता यावी. मागून पुढे येणारा पाय धडाच्या सुमारे दुप्पट वेगात, म्हणजे आपल्या फोटोत १०० पिक्सेलच्या आसपास पुसट. एकाच माणसात एक बूट स्पष्ट आणि दुसरा धुराचा. खऱ्या पळण्याच्या फोटोवर डोळ्याचा विश्वास बसतो तो याच फरकावर, का ते बघणाऱ्याला सांगता येत नसलं तरी.

हातांचंही असंच त्रांगडं आहे. उजवा पाय पुढे येत असेल तर डावा हात पुढे येतो, त्यात धडाचा वेग मिसळतो, म्हणून तो जास्त पुसट. उजवा हात त्याच वेळी मागे जातो, त्याचा वेग धडाच्या वेगातून वजा होतो, म्हणून तो धडापेक्षाही स्पष्ट. मला हे कळलं तेव्हा मी आनंदानं टेबलावर थाप मारली होती, कारण कार्यकर्त्याची एकच अट होती: "दादांचं ब्रेसलेट क्लिअर दिसाया पायजे." ब्रेसलेट उजव्या हातात. निसर्ग प्रथमच दादांच्या बाजूनं उभा होता. फक्त हातपाय वेगवेगळ्या लेअरवर घ्यायचे, प्रत्येकाला स्मार्ट ऑब्जेक्ट करून Path Blur मध्ये आपापल्या दिशेचा बाण ओढायचा, टेकलेला पाय मास्कनं वाचवायचा. तासाभराचं काम. फ्लेक्सला चौरस फुटाचा भाव मिळतो, तासाचा नाही, हे लक्षात ठेवून तो नाद सोडा.

लग्नातले दादा पळणार कसे, हा प्रश्न आधीच यायला हवा होता, पण फ्लेक्सच्या दुकानात तो नेहमी शेवटीच येतो. उत्तर सोपं आहे. नेटवरून एखादा धावपटू उतरवा, मान उडवा, दादांचं डोकं बसवा. धावपटू शंभर मीटरवाला घ्या, गुडघा कंबरेपर्यंत आलेला, कारण तो भारी दिसतो. घाट चढणारा माणूस गुडघा इतका उचलत नाही, पावलं आखूड टाकतो आणि घोट्यापासून सगळा चढाकडे किंचित झुकतो, असल्या क्षुल्लक गोष्टींत पडू नका. डोकं लग्नातलं, म्हणजे ताठ. धड झुकलेलं आणि मान ओळंब्यात. पळताना दादांना कुणीतरी मागून हाक मारली, असं समजून घेतील लोक.

यात एक खास साताऱ्याचा प्रसंग घडू शकतो, माझ्याकडे घडला. धावपटूचा उजवा हात पुढे होता, आणि कार्यकर्त्याला ब्रेसलेटवाला हात मागे नको, पुढेही नको, "कॅमेऱ्याच्या बाजूला" हवा होता. मी कंबरेच्या वरचा भाग आडवा पलटी केला. हात कॅमेऱ्याकडे आला. पाय मात्र होते तिथंच. आता दादांचा डावा पाय आणि डावा हात एकदम पुढे. शाळेच्या कवायतीत असं पाऊल टाकणाऱ्या पोराला पीटीचे सर रांगेतून बाहेर काढायचे. आम्ही त्याला २०० चौरस फुटांवर छापला.

कटिंग करताना आणखी एक युक्ती. माणूस सिलेक्ट केलेला असतानाच, ती मुंग्यांची रांग चालू ठेवूनच ब्लर मारा. किंवा लेअरचे पारदर्शक पिक्सेल लॉक करून. मग ब्लर सीमेबाहेर सांडत नाही. आतून दादा पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखे, आणि कड मात्र कात्रीनं कापलेली. खऱ्या पुसटपणाची कड अर्धी पारदर्शक होते, तिच्यातून मागचा कठडा, गवत, धुकं झिरपतं. आणि ती पुढच्या बाजूलाही पुसट होते, फक्त मागे नाही. शटर उघडं असेपर्यंत माणूस सुरुवातीच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत सगळीकडे थोडा थोडा असतो. मागच्याच बाजूला शेपूट यायला शटर मिटायच्या क्षणी फ्लॅश उडावा लागतो, आणि यवतेश्वरच्या वळणावर पहाटे तो उडालेला नव्हता. तरी शेपूट काढा. लोकांना शेपटाशिवाय वेग कळत नाही.

शेवटचा हात म्हणून बारीक दाणेही विसरा. पहाटेच्या मोबाईल फोटोवर दाणे असतात, आणि ते सेन्सरचे असल्यामुळे पळणाऱ्या माणसावरही तसेच स्पष्ट राहतात, पुसट होत नाहीत. आपण ब्लर मारला की दादांवरचे दाणे पुसले जातात, म्हणून ब्लरनंतर थोडा नॉइज घालून घाटाशी जुळवावा लागतो. नाही घातला तर सगळा घाट खरखरीत आणि मधोमध दादा साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत. दादांना आवडतं ते. गोरे दिसतात म्हणाले.

उडीवाल्यांची ऑर्डर आली तर एवढंच. पोरांना ठोसेघरच्या धबधब्यासमोर हवेत टांगायचं असतं, आणि धबधब्याचा फोटो कुणा हौशीनं स्टँडवर पाव सेकंदाचा काढलेला असतो, पाणी दुधासारखं. ४० सेंटीमीटरची उडी जमीन सोडल्यापासून टेकेपर्यंत अर्ध्या सेकंदाहून जराशी जास्त टिकते. पाव सेकंदात पोरगं जवळजवळ अर्धी उडी संपवतं, म्हणजे त्या दुधात ते नुसतं धूर म्हणून राहायला हवं. शटर १/६० असेल तर वेगळं: जमीन सोडताना ते सेकंदाला २.८ मीटरनं वर जातं, उभं साडेचार सेंटीमीटर पुसट. अगदी वर पोहोचल्यावर मात्र क्षणभर थांबतं, तिथं शरीर तेवढ्या वेळात दीड मिलिमीटरही सरकत नाही. म्हणून वर पोहोचलेलं पोरगं स्पष्ट दाखवायला हरकत नसते. फक्त शर्ट वर उडालेला नको, तो खाली येताना उडतो. आपण शर्ट उडवतोच, कारण पोरं म्हणतात हवा दिसली पाहिजे.

तर दादांचा फ्लेक्स तयार झाला. कार्यकर्ता प्रूफ बघायला आला, खुर्ची ओढून स्क्रीनला नाक लावून बसला. घाटाच्या मूळ फोटोत कठड्याशेजारून एक कुत्रं पळत होतं. त्याचा टेकलेला पुढचा पाय नखांसकट स्पष्ट, बाकीचे तीन धुराचे, पाठीच्या कडेतून मागचं गवत दिसतंय. दादांच्या बरोबर मागे.

त्यानं बराच वेळ बघितलं.

"सगळं भारी झालंय," तो म्हणाला. "फकस्त ते कुत्रं काढा राव. हललंय ते."

मी कुत्रं काढलं. त्याचे शंभर रुपये वेगळे लावले.