पाइप रुंद केला, टाकी तरी हळूच का भरते?

वाचकाची प्रतिक्रिया: तुमचा लेख वाचून अंगणातल्या हजार लिटरच्या टाकीची लाइन बदलली. मीटरपासून टाकीपर्यंत अर्धा इंची जीआय काढून एक इंची जीआय टाकला. चार हजार रुपये गेले. आधी टाकी ५५ मिनिटांत भरायची. तुमच्या ‘व्यास दुप्पट, वेळ पाव’ या हिशेबाने ती १४ मिनिटांत भरायला हवी. भरते ४८ मिनिटांत! असली पुस्तकी गणितं छापण्याआधी एकदा नळ सोडून बघत जा.

उत्तर:

नमस्कार. तुम्ही दोन्ही वेळा घड्याळ लावून मोजलंत, म्हणून नेमकं काय झालं ते सांगता येतंय. आधी माझी चूक. ‘व्यास दुप्पट, वेळ पाव’ हे वाक्य मी ठळक छापलं आणि ‘पाण्याचा वेग तोच राहिला तर’ ही अट खाली कुठेतरी टाकली. खरं तर सगळं त्या अटीवरच अवलंबून आहे.

दुसरी चूक लहान आहे. अर्धा आणि एक इंच ही पाइपची बाजारातली नावं. मध्यम जाडीच्या जीआय पाइपची आतली पोकळी साधारण १६ आणि २७ मिलिमीटर असते. म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ सुमारे २.०१ आणि ५.७३ चौरस सेंटिमीटर. ही चौपट नाही, पावणेतीनपटीच्या थोडी वर आहे. वेग तोच राहिला असता तरी टाकीला १९ मिनिटं लागलीच असती.

आता तुमचे आकडे उलटे चालवू. हजार लिटर म्हणजे दहा लाख घन सेंटिमीटर. ५५ मिनिटांचे ३३०० सेकंद, म्हणजे सेकंदाला ३०३ घन सेंटिमीटर पाणी येत होतं. त्याला २.०१ ने भागलं की वेग मिळतो सेकंदाला सुमारे १५१ सेंटिमीटर. नवीन पाइपमध्ये ४८ मिनिटांचे २८८० सेकंद, प्रवाह ३४७, आणि ५.७३ ने भागल्यावर वेग फक्त ६१ सेंटिमीटर. पाइप रुंद झाला तसं पाणी त्यात संथ झालं. सूत्राने तुम्हाला फसवलं नाही. त्यात घालायचा वेग मी गृहीत धरला, तो मोजायला हवा होता.

वेग का पडला? तुम्ही मीटरनंतरची लाइन बदललीत. पण रस्त्याखालच्या मुख्य लाइनीतून तुमची जोडणी जिथे निघते ते फेरूल, तिथून मीटरपर्यंतचा पाइप आणि बहुधा मीटरही अर्धा इंचीच आहे. जितकं पाणी तिथून सुटतं तितकंच पुढे येणार, पुढचा पाइप कितीही ऐसपैस असला तरी.

तुमचे आकडे आणखी एक गोष्ट सांगतात. पाइप, वळणं, व्हॉल्व्ह यांत वाया जाणारा दाब ढोबळमानाने प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मागचा दाब दोन्ही दिवशी सारखा धरला, तर आताचा अडथळा पूर्वीच्या किती पट, हे ४८ भागिले ५५ याच्या वर्गाने कळतं. तो ०.७६ येतो. म्हणजे पूर्वीच्या एकूण अडथळ्यातला जवळपास पाव भागच घरातल्या लाइनीत होता, तो तुम्ही काढलात. उरलेला तीन चतुर्थांश बहुतेक अजून जागच्या जागी आहे. त्यामुळे आता दोन इंची पाइप टाकलात तरी एखाद-दुसरं मिनिट वाचेल. तेवढ्यासाठी पुन्हा प्लंबरला बोलावू नका.

पण पुढचा खर्च करण्याआधी अडथळा खरंच मीटरच्या अलीकडे, रस्त्याच्या बाजूला आहे का, ते बघा. टाकीतला बॉलकॉक काढून पाइपाच्या तोंडाशी १५ लिटरची बादली धरा. आताच्या प्रवाहाने ती साधारण ४३ सेकंदांत भरायला हवी. त्यापेक्षा बरीच लवकर भरली तर दोष बॉलकॉकचा. त्याच्या आतलं भोक कधीकधी करंगळीपेक्षाही बारीक असतं, आणि गाळ बसला तर आणखी बारीक. मी लेखात याचा उल्लेखसुद्धा केला नव्हता.

४३ सेकंदच लागले, तर मीटरनंतरचं युनियन, म्हणजे पाइप न कापता खोलता येणारा जोड, खोलून तिथे तीच बादली भरा. तिथेही तेवढाच वेळ लागला तर पाणी रस्त्याच्या बाजूलाच अडतंय. तिथे पंचवीसेक सेकंदांत भरली तर घरच्या लाइनीत कुठेतरी जुना अर्धा इंची व्हॉल्व्ह किंवा रिड्यूसर राहून गेलाय. आमच्याकडे प्लंबरने नवीन पाइपाला जुनाच व्हॉल्व्ह जोडून दिला होता, तेव्हा हे शिकलो. दोन्ही बादल्या एकाच दिवशी, लागोपाठ भरा. पाणी नुकतंच सुटलेलं असताना आणि सुटून तासभर झाल्यावर दाब वेगळा असतो, मग तुलनेला अर्थ राहत नाही.

दोष रस्त्याच्या बाजूला निघाला तर उपाय मोठ्या नळजोडणीचा अर्ज, तोही मुख्य लाइनीत दाब पुरेसा असेल तरच उपयोगी. मीटरला थेट मोटर लावायचं मात्र मनात आणू नका. शेजाऱ्यांचं पाणी ओढलं जातं आणि लाइनीत दाब उणा झाला की गळक्या जोडातून गटाराचं पाणी आत शिरू शकतं.

बादल्यांचे दोन्ही आकडे इथेच कळवा. मूळ लेखातलं ते ठळक वाक्य आज खोडलंय, आणि पाइपच्या आतल्या मापांचा तक्ता रविवारपर्यंत टाकतो. तुमच्या चार हजारांचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही.