एनटीसी ‘शॉर्ट करून टाका’ म्हणणाऱ्यांसाठी

“एसएमपीएसमधली ती काळी चकती म्हणजे सर्ज प्रोटेक्टर. लाइट ये-जा करते तेव्हा तीच सेट वाचवते. हाताला चटका बसेल इतकी तापली तर खराब झाली समजा. हवी ती मिळाली नाही तर दोन लहान पॅरलल लावा, नाहीतर सरळ तार टाकून शॉर्ट करा. सेट मस्त चालतो.”

ती काळी चकती म्हणजे एनटीसी, तापली की जिचा रोध घसरतो असा थर्मिस्टर. सर्ज झेलणारा भाग वेगळा. तो एमओव्ही. बहुतेक वेळा निळा असतो आणि फ्यूजनंतर फेज-न्यूट्रलच्या मध्ये आडवा जोडलेला असतो. एनटीसी लाइनमध्ये सीरिजला असतो, त्यामुळे बाहेरून आलेला जादा व्होल्टेज तो अडवू शकत नाही. दोन्हींचा आकार सारखा म्हणून गोंधळ होतो, पण छापलेला नंबर वाचला की प्रश्न मिटतो. 10D-15 म्हणजे 25 अंशांना 10 ओहम आणि 15 मिलिमीटर व्यास, हा एनटीसी. 14D471 म्हणजे 14 मिलिमीटर व्यास आणि 470 व्होल्ट, हा एमओव्ही. एनटीसीच्या जागी एमओव्ही बसवला तर सेट चालूच होत नाही. उलट केलं तर 230 व्होल्टच्या आडवे 10 ओहम बसतात, 23 अँपिअर वाहू लागतात आणि फ्यूज उडतो. फ्यूज आधीच कोणी जाड तारेने ‘दुरुस्त’ केलेला असेल तर चकतीच फुटते.

एनटीसीचं खरं काम स्विच दाबल्यानंतरच्या पहिल्या काही सायकलींपुरतं आहे. 250 वॅटचा, पीएफसी नसलेला सप्लाय घ्या, ब्रिजनंतर 470 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर. रिकामा कॅपॅसिटर चालू होताना शॉर्टसारखाच वागतो. 230 व्होल्टचं शिखर 325 व्होल्ट. वायरिंग, चोक, ब्रिज आणि कॅपॅसिटरचा स्वतःचा रोध मिळून साधारण 1 ओहम धरला आणि स्विच नेमका शिखरावर पडला, तर हिशेबाने 325 अँपिअर. मध्ये थंड 10 ओहम आले की 325 ÷ 11, म्हणजे 30 अँपिअरच्या आत. कॅपॅसिटर भरला की करंट उतरतो. तोवर लोडच्या करंटने चकती तापायला लागते आणि तिचा रोध घसरतो.

म्हणूनच चटका बसणं हा दोष नव्हे, तापल्याशिवाय ती वाटेतून बाजूला होतच नाही. याच सप्लायला 85 टक्के कार्यक्षमता धरली तर इनपुट सुमारे 295 वॅट होतं. 295 भागिले 230 करून 1.3 अँपिअर काढणारे इथे फसतात. पीएफसी नसताना पॉवर फॅक्टर 0.6 च्या आसपास असतो, त्यामुळे खरा आरएमएस करंट 2 अँपिअरच्या वर जातो. त्या करंटला 10D-15 साधारण 140 अंशांपर्यंत चढते, रोध अर्ध्या ओहमच्या जवळ येतो आणि दोन-सव्वादोन वॅट उष्णता बाहेर पडते. चकती बोर्डापासून थोडी उंच बसवतात आणि इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर तिच्यापासून लांब ठेवतात, ते याचसाठी. खराब चकती ओळखायची खूण वेगळी: तडा, उडालेला टवका किंवा मीटरवर ओपन. मोजायचं ते बोर्डावरून एक पाय सोडवून आणि पूर्ण थंड झाल्यावर. त्याआधी कॅपॅसिटर 2.2 किलोओहम, 10 वॅटच्या रेझिस्टरने पाच-सहा सेकंद धरून उतरवा आणि मीटरने खात्री करा. शिवाय खोलीचं तापमान लक्षात घ्या: नागपुरात मे महिन्यात 45 अंशांना चांगला 10 ओहमचा एनटीसी 5 ओहमच्या थोडा वर दाखवतो. तो बदलायची गरज नाही. पण पहिला झटकाही तिथे 30 ऐवजी पन्नासेक अँपिअरचा असतो, हे ब्रिज आणि फ्यूज निवडताना धरायला हवं.

‘लाइट ये-जा’ हा तर या भागाचा सगळ्यात कमकुवत क्षण. थंड व्हायला त्याला अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांपर्यंत वेळ लागतो, मोठ्या चकतीला जास्त. पूर्ण लोडवर मात्र आपला कॅपॅसिटर 325 वरून 200 व्होल्टपर्यंत साधारण 50 मिलिसेकंदांत उतरतो. समजा तिथे कंट्रोलर थांबला आणि एका सेकंदात लाइट परत आली. आता फरक 125 व्होल्टचा, पण वाटेत गरम चकतीचा अर्धा आणि बाकीचा एक असे दीडच ओहम. 80 अँपिअर सहज जातात. स्टँडबाय सर्किटने मधल्या काळात कॅपॅसिटर आणखी रिकामा केला असेल तर आकडा 200 कडे सरकतो. ‘लाइट आली आणि सेट गेला’ या तक्रारींमधल्या काही अशाच असतात. लाइट झपझप करू लागली की स्विच बंद करून दोन मिनिटं थांबणं हाच फुकटचा उपाय.

दोन पॅरलल लावणं चुकीचं का, ते याच गुणात आहे. दोन चकत्या तंतोतंत सारख्या नसतात. जी किंचित आधी तापते तिचा रोध आधी घसरतो, म्हणून ती जास्त करंट ओढते, म्हणून आणखी तापते. दुसरी थंडच राहते आणि सगळा भार एकीवर पडतो. सीरिजला दोन चालतात, कारण करंट दोघींतून तोच जातो. एकच बसवायची असेल तर डेटाशीटमध्ये ओहम आणि अँपिअरनंतर तिसरा रकानाही बघा: किती मायक्रोफॅरड किंवा किती ज्यूल. 470 मायक्रोफॅरड 325 व्होल्टला म्हणजे जवळजवळ 25 ज्यूल, आणि साधारण तेवढीच उष्णता त्या क्षणात चकतीत शिरते. करंटला पुरणारी छोटी चकती इथे तडकू शकते.

तार टाकल्यावर सेट चालतो, हे खरं. पण 1N4007 एकाच अर्ध्या सायकलीचे 30 अँपिअर झेलतो आणि 1N5408 200 अँपिअर. आपले 325 कागदावरचे असले, तरी निम्मेही 1N4007 ला पुरून उरतात. स्विचचे पॉइंट चिकटतात. एकाच 6 अँपिअरच्या सी टाइप एमसीबीवर असे तीन-चार सप्लाय एकदम चालू झाले तर एमसीबी पडतो, कारण तो 30 ते 60 अँपिअरच्या दरम्यान झटक्यात तुटायलाच बनवलेला आहे. मुळात एनटीसी फुटला असेल तर पुढे ब्रिज किंवा मॉस्फेट शॉर्ट असण्याची शक्यता मोठी. आधी ते मोजा, मग नवी चकती लावा, आणि पहिल्यांदा 100 वॅटच्या सीरिज बल्बवर चालू करा. बल्ब क्षणभर लखलखून मंद झाला तर ठीक. तसाच पेटत राहिला तर शॉर्ट अजून आत आहे.

एनटीसी शॉर्ट करण्याची एकच योग्य रीत आहे, आणि मोठ्या सप्लायमध्ये ती मुळातच असते: चकतीच्या आडवा रिले. सप्लाय चालू झाल्यावर पाव-अर्ध्या सेकंदाने तो ओढतो, चकती थंड पडते आणि पुढच्या झटक्याला तयार राहते. अट एवढीच की लाइट जाताच रिले लगेच सुटला पाहिजे. त्याचे पॉइंट चिकटले तर तार टाकल्यासारखंच होतं. उलट, चालू केल्यावर थोड्या वेळाने येणारी ‘टिक्’ बंद झाली असेल आणि चकतीखालचा बोर्ड काळा पडत असेल, तर एनटीसी नको, रिलेची कॉइल आणि तिचा 12 व्होल्टचा सप्लाय तपासा.