हप्ता तोच, कर्ज मात्र साठ वर्षांचं

"फ्लोटिंगवाल्यांचं व्याज बँक मनाला येईल तसं वाढवते, आपल्या हातात काही नसतं. हप्ता तोच राहिलाय ना, मग घाबरू नका, शेवटी दोन-चार हप्ते वाढतील एवढंच. आधी फेडायला गेलात तर दंड पडतो. शहाणे असाल तर लगेच फिक्स्ड करून घ्या."

आमच्या सिंहगड रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर गृहकर्जाबद्दलचा हा मेसेज तिसऱ्यांदा फिरतोय, म्हणून लिहायला बसलो.

पहिलं, मनाला येईल तसं. १ ऑक्टोबर २०१९ नंतर बँकेतून घेतलेलं फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं गृहकर्ज बाहेरच्या दराला बांधलेलं असतं, बहुतेकदा रेपोला, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्याला. रेपो आणि त्यावर बँक लावते ती वाढ, म्हणजे स्प्रेड, मिळून तुमचा दर होतो. निदान तीन महिन्यांतून एकदा तो रेपोप्रमाणे बदलावाच लागतो, वर जाताना आणि खाली येतानाही. स्प्रेडमधला जोखमीचा भाग तुमची पत फारच बदलली तरच हलतो आणि बाकीचा भाग तीन वर्षांच्या आत वाढवता येत नाही. हाउसिंग फायनान्स कंपनीचं कर्ज असेल तर मात्र दर तिच्या पीएलआरवर, म्हणजे तिनेच ठरवलेल्या मूळ दरावर चालतो. तिथे मेसेजवाल्याची तक्रार अगदीच खोटी नाही.

आता तो "दोन-चार हप्ते". इथे जरा थांबू या, कारण माणसं इथेच फसतात.

समजा नऱ्ह्याच्या टू बीएचकेसाठी ४० लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी घेतलं आणि पहिला हप्ता फेब्रुवारी २०२२ मध्ये गेला. तेव्हा रेपो ४ टक्के होता. स्प्रेड पावणेतीन धरला तर दर ६.७५ आणि हप्ता ३०,४१५ रुपये. मे २०२२ पासून रेपो चढत गेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० वर पोचला. दर तीन महिन्यांनी रिसेट होत मार्च २०२३ ला आपला दर झाला ९.२५. तोवर १३ हप्ते जाऊन मुद्दल उरलं होतं साधारण ३९ लाख ३० हजार.

त्या महिन्याचं नुसतं व्याज किती? ३०,२९८ रुपये. हप्ता ३०,४१५. म्हणजे मुद्दलात पडले ११७ रुपये, दोन माणसांच्या मिसळीचेही नाहीत. याच हप्त्याने आणि याच दराने हे कर्ज फिटायला सुमारे ६० वर्षं लागतील. बँक अर्थात वयाच्या मर्यादेपुढे मुदत नेत नाही, मग एक दिवस हप्ता अचानक उडी मारतो आणि आपण शाखेत जाऊन भांडतो. व्याज हप्त्याच्याही वर गेलं तर मुद्दल वाढायला लागतं. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने मुदत वाढवून असं होऊ द्यायला बँकांना मनाई केली आहे.

त्याच परिपत्रकात "हातात काही नसतं" याचंही उत्तर आहे. रिसेटच्या वेळी हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, ही निवड कर्जदाराला द्यायची असते. वरच्या उदाहरणात मूळ मुदतीतच संपवायचं तर हप्ता सुमारे ३६,७०० होतो. ते झेपत नसेल तर ३४,००० करा, साधारण २४ वर्षांत फिटेल. किंवा हप्ता जुनाच ठेवून बोनसचे दोन लाख एकदम मुद्दलात भरा, ६० वर्षांची साडेएकतीस होतात. भरताना "मुदत कमी करा" असं लेखी द्या, नाहीतर काही ठिकाणी हप्ता कमी करून टाकतात.

दंडाचं थोडक्यात सांगतो. व्यक्तीच्या नावावरच्या फ्लोटिंग गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांना २०१२ पासूनच घेता येत नाही.

फिक्स्डबद्दल माझं मत वेगळं आहे. दर शिखरावर असताना फिक्स्ड करणं म्हणजे टोमॅटो महागल्यावर वर्षभराचा सॉस करून ठेवणं. फेब्रुवारी २०२३ मध्ये घाबरून ज्यांनी दर बांधून घेतला, त्यांच्या डोळ्यांदेखत जून २०२५ पर्यंत रेपो ५.५० वर आला. करायचंच असेल तर आधी विचारा की दर पूर्ण मुदतीसाठी बांधलाय की दोन-तीन वर्षांपुरता, आणि बदलाची फी किती.

त्याआधी एक सोपी गोष्ट बघा. तुमचीच बँक नव्या ग्राहकाला किती स्प्रेड लावते? तुमच्यापेक्षा कमी असेल, किंवा तुमचं कर्ज अजून एमसीएलआरवर, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या खर्चावरून ठरणाऱ्या जुन्या दरावर असेल, तर थोडी फी भरून दर बदलून मागता येतो. नाहीच ऐकलं तर दुसऱ्या बँकेत टेकओव्हर आहे. पण तिथे प्रोसेसिंग फी, सर्च रिपोर्ट, गहाणखताची स्टँप ड्यूटी आणि गहाणाची सरकारदरबारी नोंद करणाऱ्या नोटीस ऑफ इंटिमेशनचा खर्च पुन्हा येतो. त्यामुळे अर्ध्या टक्क्याचा फरक आणि निदान दहा वर्षं बाकी असल्याशिवाय मी कुणाला तिकडे पाठवत नाही.

तिमाही स्टेटमेंट उघडा. किती हप्ते उरलेत ते त्यात लिहिलेलं असतं. मागच्या तिमाहीपेक्षा तो आकडा तीनने कमी झाला नसेल, तर तुमची मुदत वाढली आहे.