अंकल नव्हे, मामा!

आज एका बारशाला गेलो होतो. पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटून झाल्या आणि नात्यातल्याच एका बाईंनी माझ्या भाच्याला खांद्याला धरून पुढं केलं. माझ्या नवऱ्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, "बाळा, अंकलना नमस्कार कर की." डोकंच सणकलं माझं. कोल्हापुरात, बारशाच्या हॉलमध्ये, सख्ख्या आत्याच्या नवऱ्याला अंकल? मी काही बोलायच्या आत त्यांनी वर ऐकवलंच, "तिकडं वाढलेलं पोरगं, त्याला कुठलं कळतंय आपलं काका-मामा."

त्याला कळतंय, बाई. तुम्हाला कळायचं बंद झालंय.

आमचा भाचा स्वीडनमध्ये जन्मला, तिथंच शाळेत जातो. मराठी बोलतो, पण जरा अडखळत. तो इथं आला तेव्हा मलाही वाटलं होतं, आता हे सगळं 'अ आ इ' पासून सांगावं लागणार. पहिल्याच रात्री अंगणात बसून म्हटलं, बाबाच्या भावाला काका म्हणायचं आणि आईच्या भावाला मामा. तर हा म्हणतो, "माहितीये. फार्ब्रूर आणि मूर्ब्रूर." त्यांच्याकडं फार म्हणजे बाप, मूर म्हणजे आई आणि ब्रूर म्हणजे भाऊ. आजीसुद्धा दोन, आईची आई मूर्मूर आणि बापाची आई फार्मूर. म्हणजे आईकडचं कोण, बापाकडचं कोण हे त्या पोराच्या डोक्यात आधीच पक्कं होतं. इंग्रजीत ते नाही म्हणून सगळ्या परदेशातच नसतं, असं आपण धरून चाललोय. इंग्रजीपलीकडं परदेश असतो हेच आपल्याला आठवत नाही.

तो अडला दुसऱ्याच जागी. "आत्या, तू बाबाची बहीण. मग तुझा नवरा मामा कसा? मामा तर आईचा भाऊ ना?"

हा खरा प्रश्न आहे. आपल्यातल्या कितीजणांना कधी पडलाय? आत्याचा नवरा मामा, मावशीचा नवरा काका. आपण जन्मभर म्हणत आलो आणि कधी थांबलोच नाही. (पुण्याकडं बऱ्याच घरांत आत्याच्या नवऱ्यालाही काकाच म्हणतात. म्हणोत बापडे.)

मग त्याला माझ्या आजी-आजोबांचं लग्न सांगितलं. आजोबांची धाकटी बहीण कागलच्या घरात दिली आणि त्याच घरातली मुलगी, म्हणजे माझी आजी, आजोबांना करून आणली. साटंलोटं. एकाच मांडवात दोन लग्नं, खर्चही निम्मा. मी म्हटलं, आता माझे वडील, म्हणजे तुझे आजोबा जन्मले असं धर आणि कागलच्या त्या माणसाकडं बघ. तो त्यांच्या आईचा भाऊ, म्हणजे कोण? "मामा." आणि त्याची बायको कोण? पोरगं बोटं मोजत बसलं. मग एकदम ओरडलं, "आजोबांच्या बाबांची बहीण! आत्या! म्हणजे आत्याचा नवराच मामा!"

मावशीचं तर मला सांगावंच लागलं नाही. दोघी बहिणी एकाच घरात दोघा भावांना दिल्या तर? त्या एकमेकींच्या जावा होतात आणि मावशीचा नवरा आपोआप बापाचा भाऊ, म्हणजे काका. हे त्यानं स्वतःच काढलं. आता आत्याच्या लग्नात साटंलोटं नसलं आणि मावशी परक्या घरात दिली, तरी हाका त्याच राहिल्या. माझं लग्न काही नात्यात झालेलं नाही. तरी सासरी आल्यापासून सासूबाईंना आत्या आणि सासऱ्यांना मामाच म्हणत आले, कारण आमच्याकडं सून असंच म्हणते. जुन्या बायका सासऱ्याला मामंजी म्हणायच्या ते याच रांगेतलं. मुलगी आत्याच्या घरात द्यायची म्हणजे आत्याच सासू, हा एके काळी सरळ हिशोब होता.

त्याला हसवलं मात्र म्हणीनं. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. मामा नाही, काकाच! तेव्हापासून माझ्या ओठाकडं बघून फिदीफिदी हसतंय कार्टं.

आता बारशातल्या बाईंकडं परत येते, कारण राग अजून गेलेला नाही. अंकल म्हटल्यावर त्या पोराला काय कळणार होतं? समोरचा मोठा माणूस आहे, एवढंच. मामा म्हटलं की त्याला कळतं, याच्या घरात माझी आत्या आहे, इथं हट्ट केला तरी चालतो, आणि हा माणूस मला पुतण्या म्हणणार नाही, भाचा म्हणणार. उलटी हाकसुद्धा ठरलेली असते. काकाचा तो पुतण्या, मामाचा भाचा. आत्याचाही भाचाच, मी सख्ख्या बापाची बहीण असले तरी.

भावंडांचंही तेच. स्वीडिशमध्ये चारी बाजूंचा एकच 'कुसीन', तिथं मात्र त्यांची गाडी अडते. आपल्याकडं चुलत आणि मावस ही थेट भावंडं, त्यांच्याशी लग्नाचा विचारही पाप. आते-मामे भावंडांत मात्र थट्टा चालायची, कारण मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क धरायचे. आत्याची मुलगी मामाच्या मुलाला देणं मात्र बऱ्याच घरांत चालत नव्हतं. म्हणून तर हाका वेगळ्या ठेवाव्या लागल्या.

हो, कबूल, जवळच्या नात्यात लग्नं करू नयेत असं डॉक्टर सांगतात आणि ते खरंच आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातही भावा-बहिणीच्या मुलांची लग्नं रूढी असेल तरच चालतात. आणि साटंलोट्यात मुलींना कोण विचारत होतं, हेही मला कुणी शिकवायला नको. एका घरात सून रुसून माहेरी गेली की दुसऱ्या घरातलीलाही विनाकारण माघारी पाठवायचे. माझ्या आजीनं ते भोगलंय. आजोबांच्या बहिणीचं कागलात काही बिनसलं की इकडं आजीचं बोचकं बांधून तयार. ती प्रथा गेली, बरं झालं.

पण त्या प्रथेनं ठेवलेल्या हाका आहेत, त्यांचा कुणाला काय त्रास आहे? मामा म्हणायला दोन अक्षरं लागतात. अंकलला तीन.

पोस्ट लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्या बाईही काही वाईट नाहीत. त्यांची स्वतःची नातवंडं त्यांना ग्रॅनी म्हणतात, त्यात त्यांचाही काय दोष. मुलाला शाळेत अडचण नको, असं सुनेनं ठरवलं असणार.

बाकी ह्यांनी, म्हणजे आमच्या 'अंकल'नी, हॉलमध्ये काही न बोलता त्याला कडेला नेलं आणि विचारलं, "मी तुझा कोण रे?" तो म्हणाला, "मामा. पण मूर्ब्रूर नाही." मग दोघं जेवायला बसले. पंगतीत मठ्ठा वाढणाऱ्या पोरालाही यानं विचारून घेतलं, तू माझा कोण लागतोस म्हणून. तो चुलत चुलत्याचा नातू निघाला. त्याला काय म्हणायचं यावर तिथं आमच्या चार बायकांचं अजून एकमत झालेलं नाही. कुणाला माहीत असेल तर खाली लिहा, आणि अंकल असं लिहाल तर ब्लॉक करीन.