आरए फॅक्टर पॉझिटिव्ह असूनही आमवाताचं औषध का दिलं नाही

★☆☆☆☆ "आईला चिकुनगुनिया होऊन महिना झाला तरी बोटं आखडलेली, घोटे दुखतात. आरए फॅक्टर पॉझिटिव्ह असूनही डॉक्टरांनी आमवाताचं औषध दिलं नाही. पॅरासिटामॉल लिहून दोन आठवड्यांनी बोलावलं. फी मात्र पूर्ण घेतली."

नमस्कार. केसपेपरवरचं काही इथे उघड करणार नाही, तुम्ही जे लिहिलंत त्यावरच बोलतो. आईचे हाल बघवत नाहीत हे मला पूर्ण समजतं.

चिकुनगुनियात दोन्ही हातांची बोटं, मनगटं, घोटे सारखेच धरतात. आमवातही असाच दिसतो. त्यात आमवातासाठी रक्तात तपासतात तो आरए फॅक्टर तापानंतर काही काळ पॉझिटिव्ह येऊ शकतो, आणि धडधाकट माणसांतही कधीकधी येतो. म्हणून एवढ्या एका रिपोर्टवर आमवाताचं निदान मी करत नाही. त्यासाठी अँटी-सीसीपी ही तपासणी जास्त भरवशाची, कारण नुसत्या व्हायरसच्या दुखण्यात ती सहसा पॉझिटिव्ह येत नाही.

रिपोर्टपेक्षा हात जास्त सांगतात. मूठ वळली की बोटांच्या मुळाशी उंचवटे आणि मधे खळगे दिसतात. सांध्याला सूज असेल तर खळगे भरून येतात आणि दाबल्यावर सांधा स्पंजसारखा लागतो. नुसतं दुखणं असेल तर खळगे जागेवर असतात. चिकुनगुनियातही सुरुवातीला सूज येते, म्हणून ती टिकते का हे पाहावं लागतं. तापापासून सहा आठवडे उलटूनही सूज तशीच असेल आणि सकाळी बोटं मोकळी व्हायला तासभर लागत असेल, तर मी आमवाताच्या दिशेने तपास सुरू करतो. बऱ्याच जणांचं दुखणं दोन-तीन महिन्यांत ओसरतं. काहींचं त्याहून रेंगाळतं, आणि थोड्यांना खरोखर आमवातासारखे उपचार लागतात.

आमवातावर सहसा देतात ते मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध आहे. चुकून रोज घेतलं गेलं तर जिवावर बेततं. शिवाय यकृत आणि रक्तपेशींची तपासणी अधूनमधून करावी लागते. जे दुखणं आपोआप ओसरणार असेल, त्याला ते मी देणार नाही. स्टिरॉइडने दोन दिवसांत आराम पडतो हे खरं, पण सूज दबते, निदान अवघड होतं, गोळी थांबली की दुखणं अनेकदा परत उसळतं आणि मधुमेह असेल तर साखर वाढते.

पुढच्या भेटीला अँटी-सीसीपी आणि अंगातली सूज दाखवणाऱ्या सीआरपी या रक्ततपासण्यांचे रिपोर्ट घेऊन या. त्या भेटीची वेगळी फी नाही. तोवर कोमट पाण्यात हात बुडवून बोटांची हळूहळू उघडझाप करायला सांगा. मेडिकलमधून परस्पर कुठलंही पेनकिलर आणू नका, विशेषतः किडनीचा किंवा अ‍ॅसिडिटीचा त्रास असेल तर.

मात्र एखादाच सांधा लालबुंद, गरम होऊन पुन्हा ताप आला, तर तारखेची वाट पाहू नका. सांध्यात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी या. आम्ही बंद असू तर थेट जवळच्या हॉस्पिटलात जा.